एकशे अठरातले अठरा

पत्र : माझं भांड्यांचं आणि मिक्सर-पंख्यांचं दुकान आहे. गिऱ्हाईकाला भाव जीएसटी धरूनच सांगतो. २,९५० रुपयांना मिक्सर विकला की त्याचे १८ टक्के, म्हणजे ५३१ रुपये, सरकारचे म्हणून बाजूला काढतो. महिन्याच्या शेवटी गल्ल्याच्या एकूण रकमेवरही असंच करतो. आमच्या अकाउंटंटच्या हिशोबात मात्र त्याच मिक्सरवर कर ४५० येतो. दर तोच, रक्कम तीच, मग फरक कुठून आला? आणि आजवर जे भरलं त्याचं काय करायचं?
— एक दुकानदार, सांगली जिल्हा

उत्तर : अकाउंटंटचा आकडा बरोबर आहे. तुमचा गुणाकारही चुकलेला नाही. चुकली आहे ती ज्या रकमेचे १८ टक्के काढले ती रक्कम.

जीएसटीचा दर नेहमी मूळ किमतीवर लागतो, म्हणजे मालाच्या कराआधीच्या किमतीवर. शंभर रुपयांच्या मालावर अठरा रुपये कर बसला की गिऱ्हाईक ११८ देतं. आता त्या ११८ मधून कर वेगळा काढायचा तर तो अठराच निघाला पाहिजे, कारण घातला होता तेवढाच. पण ११८ चे १८ टक्के काढले तर २१ रुपये २४ पैसे येतात. वरचे ३ रुपये २४ पैसे कुठले? ते आहेत कराच्या अठरा रुपयांवर लावलेले १८ टक्के. तुम्ही मालावर कर काढलात आणि वर करावरही कर काढलात.

म्हणून कर घालताना 'शंभराला अठरा' आणि कर मागे काढताना 'एकशे अठराला अठरा'. सीजीएसटी नियम, २०१७ मधला नियम ३५ हेच सांगतो: करासह रक्कम गुणिले कराचा दर, भागिले शंभर अधिक कराचा दर. तुमच्या मिक्सरला लावून बघा. २,९५० गुणिले १८ होतात ५३,१००, त्याला ११८ ने भागलं की ४५०. मूळ किंमत २,५००. उलट तपासायचं तर २,५०० चे १८ टक्के ४५०, बेरीज २,९५०. बसलं. तुमच्या पद्धतीत मूळ किंमत २,४१९ उरते. तिच्यावर १८ टक्के घातले तर बेरीज २,८५४ रुपये ४२ पैसे होते, २,९५० होत नाही. ही उलट तपासणी दहा सेकंदांत होते आणि चूक तिथेच दिसते.

फरकाचे ८१ रुपये म्हणजे नेमके ४५० चे १८ टक्के आहेत. हे नेहमीच असं असतं: एकूण रकमेवर थेट टक्के लावले की खऱ्या कराच्या तितकेच टक्के जादा निघतात. त्यामुळे ५ टक्क्यांच्या मालावर ही चूक नजरेला येत नाही. १,०५० रुपयांच्या स्टीलच्या डब्यांत खरा कर ५० रुपये असतो आणि तुमच्या पद्धतीने ५२ रुपये ५० पैसे येतो. अडीच रुपयांसाठी कोण थांबतं? १८ टक्क्यांवर मात्र तीच सवय महाग पडते.

कॅल्क्युलेटरची गंमत इथेच आहे. साध्या यंत्रावर 2950 दाबून 18% वजा केलं की ते २,४१९ दाखवतं आणि माणूस निर्धास्त होतो, कारण यंत्राने सांगितलं. यंत्र २,९५० चेच १८ टक्के वजा करतं, त्याला तुमच्या मनातला 'मूळ भाव' माहीत नसतो. टक्क्याच्या बटणाऐवजी २,९५० भागिले १.१८ करा, २,५०० मिळतील. ज्या यंत्रावर `GST-` नावाचं वेगळं बटण असतं ते हाच भागाकार करतं. पण त्यात कोणता दर भरून ठेवला आहे हे आधी ११८ टाकून बघावं. शंभर आले तर ठीक.

तोंडी हिशोबाला सोयीचे अपूर्णांकही आहेत. १८ टक्क्यांसाठी एकूण रकमेला ५९ ने भागून ९ ने गुणा: २,९५० भागिले ५९ म्हणजे ५०, नवापाचे ४५ म्हणजे ४५०. पाच टक्क्यांचा तर आणखी सोपा, करासह रकमेला २१ ने भागा, तोच कर. १,०५० भागिले २१, पन्नास. संगणकावर तक्ता ठेवत असाल तर एकूण रक्कम B रकान्यात आणि दर C रकान्यात (18 किंवा 5 असा नुसता आकडा) धरून ही दोन सूत्रं पुरतात:

```
कर:        =ROUND(B2*C2/(100+C2),2)
मूळ किंमत:  =B2-D2
```

कर D रकान्यात येतो आणि मूळ किंमत वजाबाकीने येते, त्यामुळे दोन्हींची बेरीज गल्ल्याशी पैशापर्यंत जुळते. C रकान्यात टक्क्याचं चिन्ह टाकू नका. 18% टाकलं की संगणक ते 0.18 धरतो आणि २,९५० वर जेमतेम ५ रुपये ३० पैसे कर दाखवतो.

आता राज्यातल्या राज्यात विक्री असली की कर दोन भागांत जातो, ९ टक्के केंद्राचा आणि ९ टक्के राज्याचा. इथे काही जण नऊला १०९ ने भागतात आणि त्याची दुप्पट करतात. २,९५० वर असं केलं तर एकेक भाग २४३ रुपये ५८ पैसे येतो, दोन्ही मिळून ४८७ रुपये १६ पैसे. हेही चूकच. एकूण रकमेत दोन्ही कर एकदमच मिसळलेले आहेत, म्हणून भाजक दोन्ही दरांच्या बेरजेचा, ११८ चाच हवा. केंद्राचा भाग म्हणजे २,९५० गुणिले ९ भागिले ११८, अर्थात २२५. राज्याचाही तेवढाच. सोपं करायचं तर आधी पूर्ण ४५० काढा आणि अर्धे करा. परराज्यात गेलेल्या मालावर आयजीएसटीचे १८ टक्के लागतात आणि तिथेही ४५०च येतात, फक्त एका ओळीत.

हा घोळ कराच्या रकमेपुरता राहत नाही, नफ्यातही शिरतो. समजा हाच मिक्सर तुम्ही २,००० अधिक ३६० कर अशा २,३६० रुपयांना घेतला. विकला २,९५० ला. हातात येणारा फरक ५९० दिसतो आणि बरेच जण तोच नफा मानतात. पण त्यातले ९० रुपये तुमचे नाहीत. विक्रीवरच्या ४५० करातून खरेदीवर भरलेले ३६० वजा होतात आणि उरलेले ९० सरकारला जातात. तुमचा नफा २,५०० वजा २,०००, म्हणजे ५००. आता तुमच्या पद्धतीने बघा: ५३१ वजा ३६०, म्हणजे ९० च्या जागी १७१ रुपये भरले आणि नफा ४१९ वर आला. भाव ठरवताना खरेदी आणि विक्री दोन्ही कर वगळून लावा, मग नफ्याचा आकडा फसवत नाही.

उलट दिशेची चूकही दुकानात होते, आणि ती जास्त वाईट, कारण ती गिऱ्हाईकाच्या खिशातून जाते. डब्यावरची एमआरपी सर्व करांसह असते. त्यावर पुन्हा १८ टक्के घातले तर २,९५० चे ३,४८१ होतात आणि हे एमआरपीपेक्षा जास्त दराने विकणं झालं. कोटेशन देताना 'प्लस जीएसटी' की 'जीएसटी धरून' हे शब्द लिहूनच द्यावेत. काहीच लिहिलं नाही, गिऱ्हाईकाने २,९५० दिले आणि वर काही द्यायला नकार दिला, तर कर त्याच २,९५० मधून निघणार, म्हणजे तुमची मूळ किंमत २,५०० वर येणार. तुमच्या डोक्यात २,९५० हाच कराआधीचा भाव असेल, तर ४५० रुपयांचं नुकसान तुमचं.

सूट देतानाही दिशा सांभाळावी लागते, पण सगळ्याच वेळी नाही. टक्क्यांची सूट कुठेही लावा, निकाल एकच येतो: २,९५० वर दहा टक्के सूट म्हणजे २,६५५, आणि मूळ २,५०० वर दहा टक्के सूट म्हणजे २,२५०, त्यावर ४०५ कर, बेरीज पुन्हा २,६५५. नुसत्या रुपयांच्या सुटीला हे लागू नाही. 'जा, शंभर रुपये कमी द्या' म्हटलंत की गिऱ्हाईक २,८५० देणार. त्यात कर ४३४ रुपये ७५ पैसे आणि मूळ किंमत २,४१५ रुपये २५ पैसे, म्हणजे शंभरापैकी मूळ किमतीतून ८४ रुपये ७५ पैसेच गेले. बिल करणाऱ्या मुलाने मात्र शंभराची सूट कराआधीच्या रकान्यात टाकली, तर बिल २,४०० अधिक ४३२ असं २,८३२ चं छापलं जातं. हातात २,८५० आणि बिल २,८३२. संध्याकाळी गल्ला १८ रुपयांनी जास्त का भरतो याचं हे एक नेहमीचं कारण. तोंडी ठरलेला भाव हा करासह भाव असतो, तो आधी अंतिम रक्कम म्हणून धरावा आणि कर त्यातून मागे काढावा.

आता महिनाअखेरच्या हिशोबाकडे येऊ, कारण खरा पैसा तिथे अडकलेला आहे. तुमच्या दुकानात निदान दोन दर आहेत. मिक्सर आणि पंख्यांवर १८ टक्के आणि स्टीलच्या भांड्यांवर ५ टक्के. समजा महिन्याची विक्री करासह ४,८०,००० रुपये झाली, त्यातले ३,५४,००० उपकरणांचे आणि १,२६,००० भांड्यांचे. उपकरणांत कर ५४,००० आणि मूळ रक्कम ३,००,०००. भांड्यांत कर ६,००० आणि मूळ रक्कम १,२०,०००. एकूण कर ६०,०००. तुमच्या पद्धतीने उपकरणांवर ६३,७२० आणि भांड्यांवर ६,३०० निघतात, एकूण ७०,०२०. एका महिन्यात १०,०२० रुपये जादा.

काही दुकानदार यातून वाट म्हणून सरासरी दर काढतात: १८ आणि ५ ची सरासरी साडेअकरा, मग सगळ्या ४,८०,००० मधून साडेअकरा टक्क्यांनी कर मागे काढायचा. सूत्र बरोबर वापरलं तरी उत्तर ४९,५०७ रुपये येतं, म्हणजे साडेदहा हजार कमी. कारण दोन्ही दरांचा माल निम्मा-निम्मा विकला गेलेला नाही. सरासरी कुठलीही असो, ती पुढच्या महिन्यात बदलते. शिवाय रिटर्नमध्ये विक्री दरानुसार वेगळी दाखवायची असते, तेव्हा दरनिहाय आकडे लागतातच. गल्ल्याची एक बेरीज त्यासाठी निरुपयोगी आहे. बिलाच्या संगणकात वस्तूगणिक दर भरलेला असेल तर प्रश्नच नाही. हाताने रोजमेळ लिहीत असाल तर करासह विक्रीचे दोन रकाने ठेवा, एक १८ चा आणि एक ५ चा, आणि माल विकला जातानाच रक्कम योग्य रकान्यात टाका. संध्याकाळी आठवून वाटणी करू नका.

२०० रुपयांच्या आतल्या किरकोळ विक्रीला, गिऱ्हाईक नोंदणीकृत नसेल आणि बिल मागत नसेल तर, वेगळं बिल द्यावं लागत नाही. त्या सगळ्यांचं दिवसाच्या शेवटी एक एकत्रित बिल करायचं असतं. चमचे, गाळण्या, झाकणं अशी विक्री त्यात येते. हे एकत्रित बिल म्हणजे पूर्णपणे मागे काढण्याचाच हिशोब असतो, कारण त्यात हातात फक्त करासह रोख असते.

जाता जाता एक अपवाद. कंपोझिशन योजनेतला व्यापारी विक्रीवर १ टक्का भरतो, पण तो करपात्र मालाच्या विक्रीवर सरळ १ टक्का असतो, १०१ ने भागायचं नसतं. त्याला गिऱ्हाईकाकडून कर घेण्याची परवानगीच नाही, त्यामुळे त्याच्या विक्रीच्या रकमेत कर मिसळलेला नसतो आणि वेगळा काढण्यासारखं काही नसतं. शेजारचा दुकानदार कंपोझिशनमध्ये असेल आणि 'मी तर सरळ टक्के काढतो' म्हणत असेल, तर तो त्याच्यापुरता बरोबर आहे. त्याची पद्धत तुम्हाला चालणार नाही.

दर बदलतो तेव्हा हीच अडचण वेगळ्या रूपात येते. २२ सप्टेंबर २०२५ पासून भांड्यांवरचा दर १२ वरून ५ टक्क्यांवर आला. तुमच्याकडे जुन्या भावपट्टीचा माल अजून असेल तर १,१२० रुपयांचा कुकरचा जोड किंवा ताटांचा संच किती रुपयांना विकायचा? अनेकांनी '७ टक्के कमी झाले' म्हणून १,१२० तून ७ टक्के वजा केले आणि १,०४१ रुपये ६० पैसे भाव लावला. बरोबर उत्तर १,०५०. आधी १,१२० ला १.१२ ने भागून मूळ १,००० वर या, मग त्यावर ५ टक्के घाला. सात टक्के वजा करणाऱ्याने स्वतःच्या मूळ किमतीतून आठ रुपये सोडून दिले. उलट भाव १,१२० च ठेवला तर मूळ किंमत १,०६६ रुपये ६७ पैसे होते आणि दरकपातीचा फायदा तुमच्याकडे राहतो. कायद्याचं कलम १७१ म्हणतं की तो भाव कमी करून गिऱ्हाईकाला द्यायचा. जुना भाव, जुना दर, मूळ किंमत, नवा दर, नवा भाव: या क्रमाने गेलं की दर वर जावो की खाली, चुकत नाही.

पैशांच्या गोळाबेरजेचाही थोडा त्रास होतो. ९९९ रुपयांच्या इस्त्रीत १८ टक्क्यांनी कर १५२ रुपये ३९ पैसे निघतो, त्याचे दोन समान भाग होत नाहीत. संगणक मूळ किंमत ८४६ रुपये ६१ पैसे धरून तिच्यावर ९ टक्के दोनदा लावतो तेव्हा एकेक भाग ७६ रुपये १९ पैसे होतो आणि बिल ९९८ रुपये ९९ पैशांवर येतं. हा एक पैसा बिलाच्या तळाशी 'राउंड ऑफ'च्या ओळीत टाकायचा असतो, तो मूळ किमतीत किंवा करात ढकलू नये. नग जास्त असतील तर एका नगाची मूळ किंमत गोळा करून मग नगांनी गुणू नका. ९९ रुपयांच्या बारा नगांची एकूण रक्कम १,१८८, तिची मूळ रक्कम १,००६ रुपये ७८ पैसे. एका नगाचे ८३.९० धरून बाराने गुणलं तर १,००६ रुपये ८० पैसे होतात. आधी ओळीची बेरीज, मग भागाकार. काही पैशांचा फरक असेल तर तो गोळाबेरजेचा, रुपयांत असेल तर पद्धत चुकली आहे.

आता मागच्या महिन्यांचं. घाबरून सगळी रिटर्न्स एकदम दुरुस्त करायला बसू नका. आधी चूक नेमकी कुठे उमटली ते शोधा, कारण एकाच चुकीचे तीन वेगळे परिणाम होऊ शकतात. एक महिना घ्या, १८ टक्क्यांच्या मालाची करासह विक्री रोजमेळातून काढा आणि जीएसटीआर-१ मध्ये त्याच दराखाली दाखवलेली करपात्र रक्कम आणि कर यांची बेरीज तिच्या शेजारी ठेवा.

बेरीज रोजमेळापेक्षा कमी भरली, तर तुम्ही चुकीची मूळ रक्कम भरली आणि पोर्टलने तिच्यावर १८ टक्के लावून कर काढला. वरच्या उदाहरणात ३,५४,००० मधून ६३,७२० वजा करून २,९०,२८० भरले, तर त्यावर कर ५२,२५० रुपये ४० पैसे येतो आणि बेरीज ३,४२,५३० रुपये ४० पैसे. साडेअकरा हजारांची विक्री रिटर्नमधून गायब झाली आणि कर १,७४९ रुपये ६० पैशांनी कमी भरला गेला. बाजूला ६३,७२० काढून ठेवूनही कर कमी पडला, ही या चुकीची सगळ्यात विचित्र तऱ्हा. असं असेल तर फरकाची रक्कम वार्षिक १८ टक्के व्याजासह भरून टाका, नोटिशीची वाट बघू नका.

बेरीज रोजमेळाशी जुळली, पण कराला करपात्र रकमेने भागल्यावर १८ ऐवजी २२ च्या आसपास टक्के आले, तर कर जादा भरला आहे. मग बिलं काढा. बिलावर संगणकाने २,५०० अधिक ४५० असंच छापलं असेल आणि फक्त रिटर्नमध्ये ५३१ गेले असतील, तर जादा पैसे तुमच्या खिशातले आहेत. ही दुरुस्ती पुढच्या रिटर्नमध्ये करता येते. त्यासाठी मुदत ते आर्थिक वर्ष संपल्यानंतरच्या ३० नोव्हेंबरपर्यंत, किंवा त्याआधी वार्षिक रिटर्न भरलं तर तोपर्यंतच.

पण बिलावरच कर ५३१ छापला असेल, तर गोष्ट अवघड आहे. गिऱ्हाईकाकडून कर म्हणून जे घेतलं ते सरकारजमा करावंच लागतं, दर चुकीचा असला तरी. कलम ७६ तेच सांगतं. आणि तो बोजा गिऱ्हाईकाने उचलला असं कायदा गृहीत धरतो, म्हणून परतावा मागून तुमच्या हाती येण्याची शक्यता थोडी. नोंदणीकृत खरेदीदाराला दिलेलं बिल असेल तर कलम ३४ खाली क्रेडिट नोट काढता येते, तीही त्याच मुदतीत. त्या खरेदीदाराला मात्र आधी फोन करा. त्याने ५३१ चं क्रेडिट घेतलेलं असेल, तर क्रेडिट नोटेइतकं क्रेडिट त्याला उलटवावं लागेल. साध्या गिऱ्हाईकांच्या बिलांच्या बाबतीत अकाउंटंटसोबत बसून रकमा मोजा, आणि आजपासून बिलाच्या संगणकात भाव 'करासह' म्हणून भरला जातो आहे ना, ते एका ११८ रुपयांच्या खोट्या बिलाने तपासून ते बिल रद्द करा.